धूलिवंदन ते रंगपंचमी: कधी ३ दिवस, कधी ५ दिवस, हे ठरतं कसं?

ठाणे_पूर्व_सचिव

सोसायटीच्या सणांचं पत्रक करायला घेतलंय आणि होळीपाशीच अडले आहे. २०२६ ला राज्य सरकारच्या यादीत 'होळी (दुसरा दिवस)' ३ मार्चला आहे. केंद्राच्या यादीत होळीची सुट्टी ४ मार्चला. आमच्या इमारतीत दोन्हीकडचे नोकरदार आहेत, त्यामुळे धूळवड ३ ला धरायची की ४ ला यावर आत्ताच दोन तट पडलेत.

दुसरा प्रश्न रंगपंचमीचा. ती ८ मार्चला दिसते आहे. मी जुनी पत्रकं काढून पाहिली. २०२० ला धूळवड १० मार्चला आणि रंगपंचमी १३ ला होती. २०२१ ला २९ मार्च आणि २ एप्रिल. २०२४ ला २५ आणि ३० मार्च. म्हणजे मधलं अंतर ३, ४, ५ असं काहीही. आम्ही तर 'होळीपासून पाचवा दिवस' एवढंच ऐकत आलो. मग हे बदलतं का, आणि आपलं आपल्याला पडताळता येईल का?

दुर्वांकुर

सोप्पं आहे हो ताई. होळी पौर्णिमेला, धूळवड प्रतिपदेला, रंगपंचमी पंचमीला. प्रतिपदा ते पंचमी चार दिवस. एखाद वेळी पंचांगवाले पुढेमागे करतात.

आणखी एक खूण सांगते. फाल्गुनातली संकष्टी कुठल्या दिवशी आहे ते बघा, तिच्या दुसऱ्या दिवशी रंगपंचमी. चतुर्थीनंतर पंचमीच येणार ना.

गणितपंत

दुर्वांकुर, तिथी तुम्ही सांगता त्याच आहेत. पण कुठली तिथी कुठल्या वेळी पाहायची हे प्रत्येक सणाला वेगळं आहे आणि सगळा घोळ तिथेच होतो.

होळीला पौर्णिमा पाहतात ती प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर. रंगपंचमीला पंचमी पाहतात ती सूर्योदयाला. संकष्टीला चतुर्थी पाहतात चंद्रोदयाला. आणि धूलिवंदन? महाराष्ट्रात ते स्वतः कुठल्याच तिथीकडे पाहत नाही. होळी पेटली की दुसऱ्या दिवशी धूलिवंदन, कारण त्या दिवसाचा विधीच मुळी होळीच्या राखेला वंदन करण्याचा आहे. राख आज आहे, तर वंदन उद्या. त्या दिवशी सूर्योदयाला पौर्णिमा असली तरी पंचांगात धूलिवंदन आणि करिदिन तिथेच छापलेले असतात.

२०२४ घ्या, पुण्याच्या सूर्योदयाने. रविवारी २४ मार्चला सकाळी उजाडताना चतुर्दशी होती. ९:५५ ला पौर्णिमा लागली, म्हणजे संध्याकाळी प्रदोषात पौर्णिमा मिळाली. होळी त्या दिवशी. रात्री ११:१३ पर्यंत भद्रा होती म्हणून शास्त्र पाळणाऱ्यांनी त्यानंतर पेटवली, पण दिवस बदलत नाही. सोमवारी २५ ला धूलिवंदन. त्या दिवशी पौर्णिमा दुपारी १२:२९ पर्यंत होती, म्हणजे सकाळी लोक रंग खेळत होते तेव्हा प्रतिपदा लागलेलीही नव्हती. सूर्योदयाची प्रतिपदा मिळाली ती मंगळवारी २६ ला. तिथून मोजा: २७ ला द्वितीया, २८ ला तृतीया (तिथीने शिवजयंती त्याच दिवशी होती), २९ ला चतुर्थी, ३० ला पंचमी. रंगपंचमी ३० ला. धूलिवंदनापासून पाच दिवस.

आता २०२१. पौर्णिमा २८ मार्चच्या पहाटे ३:२७ ला लागून रात्री १२:१७ ला संपली. होळी २८ ला, धूलिवंदन २९ ला, आणि २९ ला सूर्योदयाला प्रतिपदाच होती. त्यामुळे चार दिवसांनी, २ एप्रिलला, पंचमी.

म्हणून ताई, तुम्हाला पडताळायचं असेल तर एकच गोष्ट आधी पाहा. धूलिवंदनाच्या सकाळी सूर्योदयाला पौर्णिमा आहे की प्रतिपदा? प्रतिपदा असेल तर रंगपंचमी चार दिवसांनी, पौर्णिमा असेल तर पाच. मधल्या तिथींपैकी एखादीचा किंवा पंचमीचा क्षय असेल तर त्यातून एक वजा करा, मधल्या एखादीची वृद्धी असेल तर एक मिळवा. हे पंचांगवाल्यांनी पुढेमागे केलेलं नसतं, चंद्राच्या चालीतून येतं.

दुर्वांकुर

मग संकष्टीची खूण चुकीची म्हणता? २०२२ ला संकष्टी २१ मार्चला आणि रंगपंचमी २२ ला होती, मी खात्रीने सांगते.

गणितपंत

२०२२ चं बरोबर आहे, २०२० चंही जमतं. पण २०२१ ला संकष्टी ३१ मार्चला आणि रंगपंचमी २ एप्रिलला. २०२४ ला २८ आणि ३०. २०२५ ला १७ आणि १९. २०२६ ला ६ आणि ८.

कारण असं, की चतुर्थी संध्याकाळी लागली तरी रात्री चंद्रोदयाला ती असते, म्हणून संकष्टी त्याच दिवशी होते. पण तीच चतुर्थी दुसऱ्या दिवशी दिवसभर असते, आणि सूर्योदयाची पंचमी यायला तिसरा दिवस उजाडतो. चतुर्थी दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाआधी संपली किंवा पंचमीचा क्षय झाला तर तुमची खूण जुळते, नाहीतर एक दिवस चुकते.

शिमगो

आमच्याकडे कोकणात हे काही चालत नाही. गावागावात होमाचा दिवस वेगळा. काही गावांचे तेरसे शिमगे, त्रयोदशीला होम लागतो, काहींचे भद्रेचे, पौर्णिमेला. पालखी पुढे किती दिवस फिरणार ते मानकरी ठरवतात. तुमच्या पत्रकात पालखीचे दिवस पण टाका.

ठाणे_पूर्व_सचिव

शिमगो दादा, पालखीला आमच्या इमारतीतली निम्मी मंडळी गावीच जातात, पण प्रश्न इथल्या धूळवडीचा आणि रंगपंचमीचा होता.

गणितपंत

तरी शिमगो म्हणतात ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. तेरशाचा होम गावाच्या वहिवाटीने लागतो, त्याला पौर्णिमेचा नियम लावून 'चूक' ठरवू नये. आपण इथे बोलतोय ते फक्त पंचांगाने ठरणाऱ्या दिवसांबद्दल.

निनाद७४

मला २०२० चं कोडं सुटत नाही. तेव्हाचं कॅलेंडर अजून आहे. १३ मार्चच्या चौकटीत वद्य ४ आणि १४ मार्चच्या चौकटीत वद्य ६. पाच गायब! तरी १३ ला रंगपंचमी लिहिलंय. ॲपमध्ये जुनी तारीख काढली तर पंचमीची समाप्ती '३०:१६' दाखवतं. तीस वाजून सोळा मिनिटं ही काय वेळ झाली? छपाईची चूक ॲपमध्ये पण?

गणितपंत

चूक नाही. काही पंचांगं आणि ॲप दिवस मध्यरात्री संपवत नाहीत, पुढच्या सूर्योदयापर्यंत चालू ठेवतात. म्हणून मध्यरात्रीनंतरच्या वेळा २४ च्या पुढे मोजतात. ३०:१६ मधून २४ वजा करा, ६:१६ राहतात. १३ मार्चच्या खाली लिहिलेले ३०:१६ म्हणजे १४ मार्चची पहाट, सहा वाजून सोळा. हे न कळल्यामुळे लोक पंचमी '१३ ला सकाळी सव्वासहाला संपली' असं वाचतात आणि उलटा निष्कर्ष काढतात.

आता गायब पंचमी. १३ मार्च २०२० ला सूर्योदयाला चतुर्थी होती, ती ८:५० ला संपली. तेव्हा पंचमी लागली आणि १४ च्या पहाटे ६:१६ ला संपली. मुंबईत १४ ला सूर्य उगवला सुमारे ६:४८ ला, नागपुरातही ६:२० नंतरच. म्हणजे पंचमीला ना १३ चा सूर्योदय मिळाला ना १४ चा. चौकटीतला आकडा सूर्योदयाच्या तिथीचा असतो, त्यामुळे ४ नंतर थेट ६. यालाच पंचमीचा क्षय म्हणतात, पण तिथी नाहीशी झालेली नसते. ती १३ तारखेला ८:५० पासून पुढे रात्रभर होतीच.

अशा वेळी जी तिथी ज्या दिवसात पूर्ण पार पडली तो दिवस तिचा. म्हणून रंगपंचमी १३ ला, चौकटीत ४ असलेल्या दिवशी. धूलिवंदन १० ला होतं, त्या सकाळी प्रतिपदा होती, म्हणजे चार दिवस. क्षयाचा एक वजा, राहिले तीन. सचिवताईंच्या पत्रकातलं ३ हे असं आलं.

कॅलेंडरवर '५' शोधत बसलं की क्षयाच्या वर्षी हटकून चुकतं. चौकटीच्या खाली बारीक अक्षरात 'क्षय तिथी' लिहिलेलं असतं तेही वाचावं.

निनाद७४

कळलं. पण २०२० ला तीन दिवस आणि मग २०२३, २४, २५ ओळीने पाच-पाच दिवस. मध्येच असं का सुरू झालं?

गणितपंत

तिथी म्हणजे चंद्राने सूर्यापासून बारा अंश पुढे जायला घेतलेला वेळ. चंद्र पृथ्वीजवळ असेल तेव्हा झपाझप जातो, तिथी वीस-एकवीस तासांत संपते. लांब असेल तेव्हा रेंगाळतो, तिथी सव्वीस तासांच्याही वर जाते. २०२० ची होळी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. १३ मार्चची पंचमी २१ तास २६ मिनिटांत संपली. रोज अडीच-तीन तास तिथीची समाप्ती मागे येत गेली की कुठेतरी एक सूर्योदय हुकणारच.

२०२४ ला उलट. होळीच्या आदल्या दिवशी चंद्र सर्वांत दूर होता. ती पौर्णिमा साडेसव्वीस तासांची, त्यामुळे आज सकाळी दहाला लागलेली पौर्णिमा उद्या दुपारपर्यंत पुरली. २०२५ लाही चंद्र दूरच होता. जवळचा बिंदू दर वर्षी होळीच्या पौर्णिमेपासून सरकत जातो, म्हणून आखूड तिथींची काही वर्षं आणि लांब तिथींची काही वर्षं अशी टोळकी दिसतात.

पंचवटीकर

वाद कसले घालता, रंग खेळायचा तो रंगपंचमीलाच! नाशिकला धूळवडीला वीरांची मिरवणूक, दाजीबा वीर निघतो. रंग पंचमीला, रहाडीत. रहाड म्हणजे जमिनीतला मोठा हौद, वर्षभर लाकडं आणि माती घालून बंद असते, ती उघडायची, साफ करायची, पाणी भरायचं, रंग उकळून घालायचा, हे आदल्या दिवशी सुचून होत नाही. म्हणून आमच्यासाठी तारीख महिनाभर आधी पक्की लागते. २०२६ चं एकच सांगा, धूळवड ३ की ४ हा वाद आहे म्हणता, मग रंगपंचमी पण ८ की ९ होणार का?

गणितपंत

नाही, आणि हे फार नेमकं विचारलंत. धूलिवंदन होळीला बांधलेलं आहे, रंगपंचमी नाही. होळी २ ला धरा किंवा ३ ला, पंचमी ७ मार्चला संध्याकाळी ७:१७ ला लागते आणि ८ ला रात्री ९:१० ला संपते. सूर्योदयाची पंचमी फक्त ८ तारखेला. मुंबई असो, नाशिक असो, नागपूर असो. रहाडीची तयारी ८ धरून करा.

उलट धूलिवंदनाचा वाद हा खरं तर धूलिवंदनाचा नसतोच, तो आदल्या रात्रीच्या होळीचा असतो.

वऱ्हाडी_माणूस

नागपूरचा आहो. पंत, तुम्ही सूर्योदय सूर्योदय म्हणता, पण आमच्या इथं सूर्य मुंबईच्या पंचवीसेक मिनिटं आधी उगवते. मग मुंबईत छापलेलं कॅलेंडर आमच्यासाठी कसं बरोबर? आणि आमच्याकडं रंग धूळवडीलाच असते, रंगपंचमीला नाही, हे पंचवटीकरांना सांगा.

गणितपंत

बहुतेक वर्षी फरक पडत नाही, कारण तिथी बदलण्याची वेळ नेमकी त्या पंचवीस मिनिटांत पडावी लागते. २०२२ ला पडली होती. २२ मार्चला सकाळी ६:२४ ला चतुर्थी संपून पंचमी लागली. पुण्यात सूर्योदय ६:३७ च्या सुमारास, म्हणजे पंचमी सूर्योदयाला हजर. नागपुरात ६:१७ च्या सुमारास, म्हणजे सूर्योदयाला अजून चतुर्थी. ती पंचमी २३ च्या पहाटे ४:२१ ला संपली, तेव्हा दोन्हीकडे अंधारच होता.

याचा अर्थ काय झाला? पुण्याच्या हिशेबाने २१ च्या सकाळी ८:२० ला लागलेल्या चतुर्थीला एकही सूर्योदय मिळाला नाही, क्षय चतुर्थीचा. नागपूरच्या हिशेबाने क्षय पंचमीचा. मधली रेघ साधारण नांदेडजवळून जात होती. चौकटीतले आकडे दोन ठिकाणी वेगळे, पण रंगपंचमी दोन्हीकडे २२ लाच, कारण पुण्यात ती सूर्योदयाने मिळाली आणि नागपुरात क्षयाच्या नियमाने.

म्हणून ॲपमध्ये आधी गावाचं नाव तपासा. कित्येकांच्या फोनवर दिल्ली किंवा उज्जैन तसंच राहिलेलं असतं.

ठाणे_पूर्व_सचिव

रंगपंचमीचं समजलं. पण माझा पहिला प्रश्न तसाच आहे, ३ की ४?

गणितपंत

त्याला होळीचा हिशेब करावा लागेल. २०२६ ला पौर्णिमा २ मार्चला संध्याकाळी ५:५५ ला लागते आणि ३ मार्चला संध्याकाळी ५:०७ ला संपते. २ ला प्रदोषात पौर्णिमा आहे, पण भद्राही आहे आणि ती पहाटे साडेपाचच्या सुमारास संपते. ३ ला भद्रा नाही, पण पौर्णिमा सूर्यास्ताच्या आधीच संपलेली. दोन्ही दिवसांत काहीतरी उणं.

अशा पेचासाठी धर्मसिंधूत अट दिली आहे. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा किमान साडेतीन प्रहर असावी आणि पुढची प्रतिपदा वाढती असावी, तर दुसऱ्या दिवशी प्रतिपदेतच होळी करावी. नाहीतर पहिला दिवस. इथे प्रतिपदा २३ तास ४१ मिनिटांची आणि पौर्णिमा २३ तास १२ मिनिटांची, म्हणजे वाढती आहे, ती अट बसते. उरले साडेतीन प्रहर. दिवसाचे चार प्रहर, त्यातले साडेतीन म्हणजे दिनमानाचे सात अष्टमांश.

मुंबईत ३ मार्चला सूर्योदय सुमारे ६:५७, सूर्यास्त ६:४४. दिनमान ११ तास ४७ मिनिटं, त्याचे सात अष्टमांश १० तास १९ मिनिटं. पौर्णिमा मात्र ६:५७ पासून ५:०७ पर्यंत, १० तास १० मिनिटं. नऊ मिनिटं कमी. अट बसत नाही, होळी २ ला, धूलिवंदन ३ ला. ठाण्यात हेच. राज्याची सुट्टीही त्याच दिवशी आहे.

दिल्लीत सूर्य लवकर उगवतो, तिथे हाच हिशेब दहा-बारा मिनिटांनी पुरतो. तिकडे होळी ३ ला आणि रंग ४ ला, त्याचं एक कारण हे.

वऱ्हाडी_माणूस

थांबा पंत. नागपूरचा हिशेब मी केला तुमच्याच रीतीनं. सूर्योदय ६:३३, सूर्यास्त ६:१८. दिनमान पावणेबारा तास, सात अष्टमांश १० तास १७ मिनिटं. पौर्णिमा ६:३३ ते ५:०७, १० तास ३४ मिनिटं. अट बसते! मंग आमची होळी ३ ला आणि धूळवड ४ ला पाहिजे. तरी सुट्टी ३ चीच.

गणितपंत

तुमचं गणित बरोबर आहे. निव्वळ त्या एका वाक्याने पाहिलं तर संभाजीनगरच्या आसपास रेघ येते, पश्चिमेला २ आणि पूर्वेला ३. पण राज्याचं पंचांग एका ठिकाणच्या सूर्योदयाने करतात आणि सगळ्यांना तोच दिवस देतात. शिवाय ३ च्या संध्याकाळी चंद्रग्रहण आहे, दुपारी ३:२० ते संध्याकाळी ६:४७. नागपुरात चंद्र उगवेल तो ग्रस्त असेल, मुंबईकडे उगवेपर्यंत ग्रहण संपत आलेलं असेल. ग्रहणाच्या संध्याकाळी होळीचा निर्णय वेगळ्या वाक्यांनी करतात आणि तिथे जाणकारांचं एकमत नाही. मी नागपूरसाठी ठाम सांगणार नाही.

दुर्वांकुर

ग्रहण आहे म्हणून धूळवड ३ ऐवजी ४ ला ढकलायला नको का? वेधात रंग कसा खेळणार?

गणितपंत

ग्रहणामुळे धूलिवंदनाचा दिवस सरकत नाही. वेध पाळणाऱ्यांनी त्या दिवशी खाण्यापिण्याचे नियम पाळावेत, होळीच्या राखेला वंदन सकाळी उरकावं. दिवस तोच.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या दिवशी जाते. आंब्याचा मोहोर चंदनासह खाण्याचा विधी, वसंतोत्सवाची सुरुवात, हा धूलिवंदनाशी जोडलेला समजतात. तो प्रतिपदेचा आहे आणि प्रतिपदा सूर्योदयाची धरतात. त्यामुळे २०२६ ला तो ४ मार्चला येतो, जसा २०२४ ला २६ मार्चला. ज्या वर्षी धूलिवंदनाच्या सकाळी पौर्णिमा असते त्या वर्षी ही दोन कामं दोन दिवशी होतात, बाकीच्या वर्षी एकाच. '४ ला प्रतिपदा असून धूळवड ३ ला कशी' असं जे विचारतात ते या दोन गोष्टी एक धरतात.

मेघना_सिडनी

सिडनीतल्या मंडळासाठी विचारते आहे. आम्ही मुंबईचं कॅलेंडर लावतो, म्हणजे २ ला होळी आणि ३ ला धूळवड. वेळेच्या फरकामुळे काही वेगळं होतं का, की तारीख तीच ठेवायची?

गणितपंत

तुमच्याकडे वेगळं होतं. मार्चमध्ये सिडनीचं घड्याळ आपल्यापुढे साडेपाच तास असतं. तिथीच्या वेळेत साडेपाच तास मिळवा. पौर्णिमा लागेल २ मार्चला रात्री ११:२५ ला आणि संपेल ३ मार्चला रात्री १०:३७ ला. २ मार्चला तुमच्याकडे सूर्यास्त साडेसातच्या सुमारास, त्या प्रदोषात पौर्णिमा लागलेलीच नाही. ३ ला सूर्यास्तानंतर तीन तास पौर्णिमा आहे आणि भद्रा सकाळी अकराच्या सुमारास संपून गेली. होळी ३ ला, कुठलाही पेच नाही. धूलिवंदन ४ ला.

ग्रहण तुमच्याकडे पूर्ण दिसेल, खंडग्रास ८:५० ला सुरू होईल. म्हणजे सूर्यास्तापासून ८:५० पर्यंतचा सव्वा तास मोकळा मिळतो, त्यात होळी उरका.

रंगपंचमी: पंचमी ८ मार्चला रात्री १२:४७ ते ९ मार्चला पहाटे २:४०. सूर्योदयाची पंचमी ८ लाच. मुंबईत धूलिवंदन ते रंगपंचमी पाच दिवस, सिडनीत चार, रंगपंचमी दोन्हीकडे एकाच तारखेला.

हिशेब करताना तारीख कधीच उचलू नका, वेळ उचला, ती आपल्या घड्याळात बदला आणि आपल्या गावाच्या सूर्योदय-सूर्यास्ताशी ताडून पाहा. अमेरिकेतल्यांनी आणखी एक जपावं. त्यांची घड्याळं ८ मार्चच्या पहाटे एक तास पुढे जातात. न्यूजर्सीसाठी पंचमीच्या आरंभाला साडेदहा तास वजा करायचे आणि समाप्तीला साडेनऊ.

मेघना_सिडनी

धन्यवाद. उघड्यावर आगीची परवानगी ३ तारखेसाठी मागायला हवी, नाहीतर २ चीच घेतली असती.

निनाद७४

वृद्धीचं राहिलं. पंचमी दोन सूर्योदयांना असेल तर रंगपंचमी पहिल्या दिवशी की दुसऱ्या?

दुर्वांकुर

पहिल्याच. वसंतोत्सवाची प्रतिपदा दोन दिवस असेल तर पहिली घेतात, तसंच.

गणितपंत

प्रतिपदेचं तुम्ही बरोबर सांगितलंत, दोन दिवस असेल तर पूर्वा. पण प्रतिपदेचा नियम पंचमीला जसाच्या तसा लावता येतो का, हा वेगळा प्रश्न आहे. माझाही कल पहिल्या दिवसाकडे आहे, कारण पहिल्या दिवशी ती सूर्योदयापासून दिवसभर असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच संपते.

पंचवटीकर

आमच्याकडे अशा वेळी सगळे रहाडीवाले बसून ठरवतील. पण एकीकडे आज आणि एकीकडे उद्या असं होऊ देणार नाहीत.

ठाणे_पूर्व_सचिव

पत्रकात लिहिते: होळी सोमवार २ मार्च, धूलिवंदन मंगळवार ३ मार्च, रंगपंचमी रविवार ८ मार्च. केंद्राची सुट्टी असणाऱ्यांसाठी खाली टीप, की ४ तारीख त्यांच्या कार्यालयाची आहे. ३ ला दुपारी ३:२० ला ग्रहण लागतंय, म्हणून पाण्याचा टँकर सकाळी आठला सांगितला आहे, खेळ बारापर्यंत. वऱ्हाडी दादा, नागपूरला तुम्ही काय ठरवलंत ते इथे नक्की लिहा.

वऱ्हाडी_माणूस

चौकातल्या मंडळाची बैठक रविवारी आहे. हिशेबाचा कागद घेऊन जातो.